ऑनलाइन टेस्ट मध्येच अडकली: वाढीव वेळ मागू की पुन्हा टेस्ट?

कोरी_पाटी

नोकरीसाठीची एक ऑनलाइन टेस्ट काल संध्याकाळी दिली. 90 मिनिटं, तीन प्रश्न. दोन कोडिंगचे, एक डेटाबेसच्या क्वेरीचा. कॅमेरा चालू, स्क्रीन शेअर.

7:00 ला सुरू केली. पहिला प्रश्न सुटला, सगळ्या टेस्ट केसेस पास. दुसरा लिहीत असताना 7:38 ला वर `Reconnecting...` अशी पट्टी आली आणि चक्र फिरत राहिलं. रिफ्रेश केलं तर पान पांढरंफटक. शेवटी ब्राउझर बंद केला, मेलमधल्या लिंकवरून पुन्हा शिरलो. कॅमेऱ्याची परवानगी, ओळखपत्राचा फोटो, सगळं पहिल्यापासून. एडिटर दिसेपर्यंत 7:55 झाले. घड्याळ काही थांबलं नव्हतं, 35 मिनिटं उरली होती. त्यात दुसऱ्या प्रश्नाचा कोड जुनाच दिसत होता, मी लिहिलेलं अख्खं फंक्शन गायब. ते परत लिहिलं, तिसरा प्रश्न अर्धवट राहिला आणि 8:30 ला टेस्ट आपोआप सबमिट झाली.

निकाल अजून आलेला नाही. कंपनीला कळवावं का? की "नाचता येईना अंगण वाकडं" असं वाटेल त्यांना? आणि कळवायचं तर वाढीव 17 मिनिटं मागायची की पूर्ण टेस्ट पुन्हा?

टिचकी

अंगण खरंच वाकडं असेल तर सांगायला काय हरकत आहे! कळवा. गप्प बसलात तर तिसरा प्रश्न तुम्हाला जमलाच नाही, एवढंच त्यांना दिसणार.

गोगलगाय

टायमर ब्राउझरमध्येच चालतो ना? मग नेट गेल्यावर पान तसंच उघडं ठेवायचं होतं, रिफ्रेश करायचं नव्हतं. माझ्या एका परीक्षेत नेट गेलं तेव्हा सगळं जागच्या जागी राहिलं आणि नेट आल्यावर उत्तरंही पोचली.

दवबिंदू

वाढीव वेळ हवा असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून टेस्टच्या आधी अर्ज करावा लागतो. माझ्या भाच्याला वाचनाची अडचण आहे, त्याला अशीच सवलत मिळाली होती. नंतर मागून देत नाहीत.

टिचकी

@दवबिंदू, ती वेगळी सवलत. इथे टेस्टच मध्ये आडवी पडली आहे.

दवबिंदू

अगं हो, घाईत अर्धाच धागा वाचला. पण ज्यांना ती सवलत आहे त्यांची टेस्ट अशी तुटली तर काय, हाही प्रश्नच आहे.

तात्या_टर्मिनल

@गोगलगाय, तुमचं निम्मं बरोबर आहे. डोळ्यांना दिसणारे आकडे ब्राउझरच मोजतो. पण टेस्ट कधी संपणार ते बहुतेक ठिकाणी सर्व्हर ठरवतो. कोरी_पाटींच्या बाबतीत 7:00 ला सुरुवात म्हणजे 8:30 ला दार बंद, मग मध्ये पान उघडं असो की लॅपटॉप खिडकीतून फेकलेला असो. ते 7:55 ला परत शिरले तेव्हा बरोबर 35 मिनिटं दिसली, त्यावरून इथेही तसंच आहे. तुमच्या परीक्षेत उत्तरं आधी तुमच्याच मशीनवर साठत असणार आणि नेट आल्यावर वर जात असणार. अशी सॉफ्टवेअर असतात, पण सगळी तशी नसतात. रिफ्रेश करू नये हा सल्ला मात्र चांगला आहे, कारण न पोचलेला मजकूर असलाच तर तो त्या उघड्या पानातच असतो.

@कोरी_पाटी, मला 17 मिनिटांपेक्षा ते गायब फंक्शन जास्त महत्त्वाचं वाटतं. असे एडिटर काही सेकंदांनी किंवा `Run` दाबलं की कोड सर्व्हरवर पाठवतात. कनेक्शन तुटलं तरी तुटल्याचं ब्राउझरला लगेच कळतंच असं नाही. एडिटर खुशाल टाइप करू देतो, आपण लिहीत राहतो आणि वर काहीच पोचत नाही. पट्टी दिसते ती नंतर. म्हणजे तुमच्या दृष्टीने टेस्ट 7:38 ला अडकली, पण खरी आधीच तुटलेली असणार. परत आल्यावर जो जुना कोड दिसला, तो साधारण कितीचा होता?

कोरी_पाटी

बाप रे, हे लक्षातच आलं नव्हतं. आठवून सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचा सांगाडा लिहून मी एकदा `Run` दाबलं होतं, तेव्हा कोपऱ्यात 57 मिनिटं उरलेली दिसत होती. म्हणजे 7:33. परत आल्यावर नेमका तोच कोड होता. त्यानंतरचं काहीच नाही.

तात्या_टर्मिनल

मग तुमचं नुकसान 17 नाही, 22 मिनिटांच्या आसपास आहे. 7:33 ते 7:38 तुम्ही हवेत लिहीत होतात. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मेलमध्ये तुम्ही "7:38 ला कनेक्शन तुटलं" असं ठामपणे लिहिलंत आणि त्यांच्या नोंदीत शेवटची हालचाल 7:33 ची निघाली, तर वाचणाऱ्याला ती पाच मिनिटं खटकतील. "हा पाच मिनिटं काय करत होता?" म्हणून जे दिसलं ते दिसलं म्हणून लिहा आणि जो अंदाज आहे तो अंदाज म्हणून. पट्टी 7:38 ला दिसली, सेव्ह झालेलं काम 7:33 च्या सुमाराचं वाटतं.

दुसरं, विंडोज वापरत असाल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे चालवा:

```
netsh wlan show wlanreport
```

गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं याचा रिपोर्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये तयार होतो. फाइल कुठे ठेवली ते कमांडच सांगते. तेव्हा आजच काढून ठेवा.

खडूस

रिपोर्टमध्ये वायफाय तुटलेलं निघालं तर? स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा. मी तर पाठवणार नाही.

मुलाखतवाली

एरवी रोमात असते, पण हा विषय रोजच्या कामातला आहे. टेस्टच्या लिंका पाठवणं आणि नंतरच्या तक्रारी निस्तरणं, दोन्ही माझ्याकडेच. म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते.

@खडूस, दोष कोणाचा हे आम्ही फारसं उगाळत नाही. उमेदवाराच्या घरचं नेट गेलं म्हणून नाही म्हणणाऱ्या कंपन्या आहेत, निमंत्रणाच्या मेलमध्ये तसं लिहिलेलंही असतं. तो मेल आधी वाचा. पण मी स्वतः बघते ते एवढंच, की व्यत्यय खरा होता का आणि त्या वेळात उमेदवाराला जास्तीचा फायदा मिळाला का. माझ्यासमोर त्या प्रयत्नाची नोंद असते. कधी लॉगिन, कधी कोड सेव्ह, कॅमेऱ्याचं चित्रण कुठून कुठपर्यंत. खऱ्या व्यत्ययात सगळं एकदम थांबतं. कोडही थांबतो, कॅमेराही थांबतो, स्क्रीनही थांबते आणि मग नवीन लॉगिन दिसतं. कॅमेरा व्यवस्थित चालू, माणूस शांत बसलेला आणि फक्त कोड थांबलेला, असं असेल तर तक्रार जरा जपूनच वाचते.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाढीव वेळ हा टेस्ट चालू असतानाच अर्थाचा असतो. तेव्हाच चॅटवर किंवा फोनवर कळवलं असतंत तर शेवटची वेळ पुढे ढकलता आली असती. टेस्ट सबमिट झाल्यावर "17 मिनिटं द्या" हे ऐकायला माफक वाटतं, पण द्यायला सगळ्यात कठीण तेच. तिसरा प्रश्न तुम्ही वाचलेला आहे. त्याला रात्र उलटून गेली. आता तोच प्रश्न पुन्हा उघडून 17 मिनिटं दिली तर ती 17 मिनिटं राहत नाहीत, 17 मिनिटं अधिक एक रात्र होते. मग बाकीच्या उमेदवारांना मी काय सांगू?

म्हणून बहुतेक वेळा दोन वाटा उरतात. अर्धवट राहिलेल्या प्रश्नाऐवजी त्याच तोलाचा दुसरा प्रश्न, किंवा सगळाच नवा संच. तुम्हाला काय हवं ते लिहा, पण "दुसरा प्रश्न असला तरी चालेल" हे वाक्य घाला. त्या एका वाक्याने माझं निम्मं काम होतं.

कोरी_पाटी

चालू असताना कळवायला हवं होतं खरं. प्लॅटफॉर्मच्या मदत चॅटवर लिहिलं होतं, पण "तुमची तक्रार नोंदवली आहे" आणि एक तिकीट नंबर, एवढंच आलं.

मुलाखतवाली

तिकीट नंबर आहे? मग सोनं आहे तुमच्याकडे! त्यावर वेळ असते. वेळ वाढवण्याचा अधिकार मात्र त्या चॅटवाल्यांकडे बहुधा नसतो. टेस्ट ज्या कंपनीने लावली तिच्याकडे असतो. लोक दोन दोन दिवस चॅटशी भांडत बसतात आणि आम्हाला पत्ताच नसतो. तिकीट नंबर घालून थेट त्याच व्यक्तीला लिहा जिने लिंक पाठवली. आणि आजच लिहा. निकालाच्या आधी आलेली तक्रार आणि नापासाचा मेल गेल्यावर आलेली तक्रार, दोन्ही शब्दशः सारख्या असल्या तरी वजन सारखं नसतं.

अर्धविराम

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दुजोरा. माझा लॅपटॉप टेस्टच्या मध्यात धाडकन बंद पडला होता. म्हटलं बघू, कदाचित तेवढ्यावरही निघून जाईल. नकाराचा मेल आल्यावर लिहिलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power` ची 41 क्रमांकाची नोंद होती, वेळेसकट, ती जोडली. उत्तर अतिशय गोड भाषेत आलं की "निकालानंतर विचार करता येत नाही". पुरावा चोख, उपयोग शून्य.

खडूस

म्हणजे उमेदवाराने पुरावे गोळा करायचे, नम्र मेल लिहायचे, बदली प्रश्नाला आनंदाने हो म्हणायचं, आणि कोसळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला कोणी विचारायचं नाही. छान आहे.

मुलाखतवाली

विचारतो हो. पण त्याला महिने लागतात आणि यांना उत्तर या आठवड्यात हवंय.

गोगलगाय

पुरावा म्हणून अडकलेल्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढावा का? पुढच्या वेळेसाठी विचारतोय.

तात्या_टर्मिनल

कॅमेऱ्यासमोर मोबाइल हातात घेतलात की तीच नोंद संशयास्पद हालचाल म्हणून होऊ शकते. कॅमेरा सुरू आहे की बंद, हे त्या क्षणी तुम्हाला ठाऊक नसतं. आणि फोटोत प्रश्न आला तर वेगळीच आफत, कारण प्रश्न बाहेर नेणार नाही असं आपण सुरुवातीला टिक करून आलेलो असतो. नियमात स्क्रीनशॉटला मनाई नसेल तर फक्त चुकीचा संदेश आणि घड्याळ येईल एवढाच घ्या. नाहीतर शेजारच्या कागदावर वेळ लिहून ठेवा, तेवढं पुरतं. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कची नोंद काढायचा मोह होईल, तोही टाळा. चालू टेस्टमध्ये ते उघडणं अनेक ठिकाणी कॉपीच धरतात.

टिचकी

थोडक्यात, बुडताना हात वर करायचा, पण हातात मोबाइल नको. (ह. घ्या.)

कोरी_पाटी

वायफायचा रिपोर्ट काढला. 6:40 ते 9:15 सलग जोडलेलं, मध्ये एकही तुटक नाही. म्हणजे दोष त्यांचाच ना?

तात्या_टर्मिनल

नाही, एवढी उडी मारू नका. त्यावरून लॅपटॉप ते राउटर ठीक होतं एवढंच कळतं. राउटरच्या पुढची लाइन पाच मिनिटं बसली असेल तरी वायफाय जोडलेलंच दिसेल. त्या वेळात दुसरी एखादी साइट उघडत होती का?

कोरी_पाटी

मेल उघडली होती, लिंक शोधायला. लगेच उघडली. पण ती 7:45 च्या पुढे. 7:33 चं सांगता येणार नाही.

तात्या_टर्मिनल

मग तेवढंच लिहा. सुरुवात कोणामुळे झाली हे तुम्हाला माहीत नाही. निदान 7:45 नंतर नेट चालू होतं आणि तरी टेस्टचं पान येत नव्हतं, हे माहीत आहे.

कोरी_पाटी

मसुदा टाकतो. कापाकापी करा.

"नमस्कार. काल संध्याकाळी 7:00 ला सुरू केलेल्या माझ्या टेस्टमध्ये तांत्रिक व्यत्यय आला. 7:38 ला स्क्रीनवर `Reconnecting...` दिसलं आणि 7:55 ला पुन्हा लॉगिन झाल्यावरच एडिटर मिळाला. परत आल्यावर दुसऱ्या प्रश्नाचा कोड साधारण 7:33 च्या स्थितीत होता, त्यामुळे कनेक्शन 7:38 च्या आधीच तुटलं असण्याची शक्यता आहे. या काळात माझं वायफाय जोडलेलं होतं आणि 7:45 नंतर इतर साइट उघडत होत्या. प्लॅटफॉर्मच्या मदत चॅटवर तेव्हाच कळवलं होतं, तिकीट नंबर सोबत देत आहे. व्यत्ययामुळे तिसरा प्रश्न अपूर्ण राहिला. आपल्याकडच्या नोंदी तपासून तो भाग पुन्हा देण्याची संधी द्यावी ही विनंती. प्रश्न वेगळा असला तरी चालेल. पूर्ण टेस्ट पुन्हा द्यावी लागणार असेल तर कोणत्या प्रयत्नाचे गुण धरले जातील ते कृपया आधी कळवावं."

मुलाखतवाली

चांगला आहे. प्रश्नांमधला कोणताही मजकूर यात नाही, हे उत्तम. तुमच्या देशाबाहेरची टीम असेल तर वेळेसोबत टाइमझोन लिहा. नोंदी अनेकदा यूटीसीमध्ये असतात आणि 7:38 शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. शेवटचं वाक्य मात्र मी काढलं असतं. मागायच्या आधीच अटी घातल्यासारखं वाटतं.

अर्धविराम

मी ठेवलं असतं. पहिला प्रश्न पूर्ण सुटलाय त्यांचा. नवा संच आला, त्यात पहिलाच अवघड निघाला आणि जुने गुण पुसले गेले, तर आहे तेही गेलं.

मुलाखतवाली

मुद्दा खरा आहे. पण हे नव्या संचाची ऑफर आल्यावर विचारता येतं. लिंक उघडायच्या आधी, एवढंच पथ्य.

खडूस

मी अर्धविरामशी सहमत. लेखी काय ते आधी घ्यावं.

कोरी_पाटी

टाइमझोन घातला, शेवटचं वाक्य ठेवलं, पाठवला. बघू.

दवबिंदू

भाच्याला हा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, टेस्टच्या आधी ते जे सिस्टीम तपासणीचं पान देतात ते त्याच जागेवरून, त्याच वेळी चालवून बघावं. सकाळी सगळं हिरवं दाखवलं तरी संध्याकाळी घरात चार जण व्हिडिओ बघत असतात.

तात्या_टर्मिनल

भाचा हुशार आहे. जमलं तर केबल लावा, आणि व्हीपीएन व जाहिरात अडवणारी एक्स्टेंशन बंद ठेवा. ती पानाचं सर्व्हरशी चालू असलेलं संभाषण मध्येच तोडू शकतात आणि बाकीच्या साइट व्यवस्थित चालत असल्याने शंकाही येत नाही.

कोरी_पाटी

उत्तर आलं! त्यांच्या नोंदीत 7:34 ते 7:54 काहीच हालचाल नाही आणि कॅमेऱ्याचं चित्रणही त्याच काळात नाही. तात्यांचा अंदाज जवळपास तंतोतंत. तिसऱ्या प्रश्नाऐवजी नवीन क्वेरीचा प्रश्न, 30 मिनिटं, परवापर्यंत द्यायचा. पहिल्या दोन प्रश्नांचे गुण आहेत तसे राहतील. दोष कोणाचा यावर चकार शब्द नाही.

दुसऱ्या प्रश्नात घाईमुळे दोन टेस्ट केसेस फेल आहेत. तोही पुन्हा मागू का?

टिचकी

बोट दिलं तर हात!

खडूस

का मागू नये? ते फंक्शन त्यांच्याच एडिटरने गिळलं. मागा.

मुलाखतवाली

मी मागणार नाही. त्या प्रश्नावर परत आल्यावरही तुमच्याकडे 35 मिनिटं होती, ती कशी वाटायची हे तुम्ही ठरवलंत, असं उत्तर येईल. तिसऱ्याची भरपाई करताना ती वेळ त्यांनी धरलीच आहे.

अर्धविराम

पण ती 35 मिनिटं गेलेलं परत लिहिण्यात गेली ना? मला तरी हे न्याय्य वाटत नाही. एक ओळ लिहायला काय जातं?

तात्या_टर्मिनल

लिहायची तर नवा प्रश्न द्यायच्या आधी लिहा, दिल्यानंतर नको. आणि कोरी_पाटी, या वेळी 30 मिनिटांत दर थोड्या वेळाने `Run` दाबत राहा. उत्तर आलं नाही तर तिथेच टायपिंग थांबवा, आधी सगळा कोड कॉपी करून घ्या, मगच रिफ्रेश.

कोरी_पाटी

कॉपी-पेस्ट बंद आहे त्या एडिटरमध्ये.

तात्या_टर्मिनल

मग पान उघडं ठेवून चॅटवर लिहा आणि लिंक पाठवणाऱ्या बाईंना त्याच मिनिटाला फोन. नंबर आहे ना मेलमध्ये?

कोरी_पाटी

आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उद्या सकाळी ठरवतो.